आईचे रिपोर्ट आले: लांबून तिला कळेल असा मेसेज कसा लिहावा

रक्ताचा रिपोर्ट हल्ली कागदाच्या आधी मोबाइलवर येतो. आठ-दहा पानांची पीडीएफ असते. काही आकडे ठळक असतात आणि त्यांच्यापुढे `H` किंवा `L` छापलेलं असतं. गावी राहणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की कुठेतरी काहीतरी बिघडलंय. मग ते आपल्या परीने उपाय सुरू करतात. ‘साखर वाढली’ एवढं वाचून आई रात्रीची भाकरी सोडते, साखरेची गोळी मात्र रोजच्यासारखी घेते, आणि पहाटे घाम फुटून हातपाय थरथरायला लागतात. ‘रक्त कमी आहे’ म्हटलं की मधुमेह असूनही खजूर आणि गूळ-शेंगदाणे सुरू होतात.

त्यामुळे निकाल कळवणारा मेसेज लिहिताना समोर एकच प्रश्न ठेवावा: हे वाचून ती उद्या सकाळी काय करेल? तिला समजलं का, घाबरली का, हे नंतरचं. ती जे करेल ते बरोबर असायला हवं. इथे एक उदाहरण घेऊन सगळ्या पायऱ्या बघू.

समजा, आई ७२ वर्षांची आहे आणि कराडला राहते. मुलगी बेंगळुरूला असते. आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. गुडघे दुखले की ती औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेते, पण हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.६ आहे, सहा महिन्यांपूर्वी ८.२ होती. हिमोग्लोबिन १०.४ आहे, आधी ११ होतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा घटक, १.१ आहे, आधी १ होतं, आणि मूत्रपिंड किती काम करतंय हे सांगणाऱ्या त्याखालच्या ईजीएफआर या ओळीत ६० चे ५३ झालेत. ‘ड’ जीवनसत्त्व थोडं कमी आहे. बाकी चाळीसेक आकडे ठीक आहेत, दोन-तीन काठावर.

रिपोर्ट येण्याआधी

नमुना द्यायच्या आधी आईला दोन गोष्टी विचारून ठेवा. रिपोर्ट आधी मी बघून तुला सांगू, की थेट तुझ्याकडे येऊ दे? आणि सगळं बारीकसारीक सांगू, की करायचं काय तेवढंच? काहींना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना आकड्यांनी झोप लागत नाही. रिपोर्ट तिचा आहे, त्यामुळे हे तिनेच ठरवायचं. ती ‘तू बघ’ म्हणाली तरच लॅबकडे नोंदणी करताना तुमचा मोबाइल नंबर द्या, नाहीतर पीडीएफ तुमच्या मेसेजच्या आधी तिच्याकडे पोचते आणि शेजारचे काका तिचा अर्थ लावून मोकळे होतात.

उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असं बऱ्याच वयस्कर माणसांना वाटतं. साधं पाणी चालतं, किंबहुना प्यावंच. आदल्या रात्रीपासून पाणी न पिता नमुना दिला तर युरिया आणि क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, आणि मग नसलेल्या आजाराची चर्चा सुरू होते.

तिसरं काम म्हणजे तिच्याकडे असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवा. डॉक्टरांनी दिलेल्या आणि स्वतः आणलेल्या, दोन्ही. आपल्या उदाहरणातली डायक्लोफिनॅक अशाच फोटोत सापडते, विचारून सापडत नाही, कारण ‘कुठली औषधं घेतेस’ या प्रश्नात आई ती धरतच नाही.

आधी स्वतः नीट वाचा

पहिल्या पानावरचं नाव, वय, स्त्री की पुरुष आणि नमुना घेतल्याची तारीख तपासा. हे किरकोळ वाटतं, पण ईजीएफआर हा आकडा रक्तात थेट मोजत नाहीत. क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून तो गणिताने काढतात. वय ७२ ऐवजी ५२ पडलं असेल तर तो आकडा चुकीचा आहे.

मग `H` आणि `L` कडे बघा, पण ते काय सांगतात हे समजून. शेजारी छापलेली मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. म्हणजे धडधाकट माणसांतलेही वीसात एक जण प्रत्येक तपासणीत मर्यादेबाहेर पडणार. चाळीस-पन्नास तपासण्यांचं पॅकेज केलं की दोन-चार ठळक आकडे निघाले नाहीत तरच नवल. काठावरच्या अशा आकड्यांसाठी मेसेजमध्ये वेगळी ओळ खर्च करू नका.

खरी माहिती मागच्या रिपोर्टशी ताडून मिळते. आईची साखर ७.६ आहे आणि तिच्यापुढे `H` आहे, पण ती ८.२ वरून उतरली आहे. बऱ्याच वयस्कर मधुमेहींसाठी डॉक्टर मुद्दाम थोडी सैल मर्यादा ठेवतात, सात-साडेसात, आणि इतर आजार असतील तर आठपर्यंतही, कारण या वयात साखर अचानक खाली जाणं जास्त धोक्याचं. म्हणजे छापील अक्षर ‘जास्त’ म्हणतंय, आणि आईच्या बाबतीत बातमी चांगली आहे.

ईजीएफआरचं उलट आहे. ६० चे ५३ झाले म्हटल्यावर पोटात गोळा येतो. पण मुळात क्रिएटिनिन फक्त ०.१ ने वाढलंय, आणि एवढा फरक एकाच माणसात दोन वेगळ्या दिवशीही दिसू शकतो. तोच गणितात घातला की सात अंकांची घसरण दिसते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणायला ही स्थिती किमान तीन महिने टिकलेली दिसावी लागते, आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का हेही बघावं लागतं. एका रिपोर्टवरून आईला ‘तुझी किडनी खराब होतेय’ असं कळवणं म्हणून चूकच. तरी दुर्लक्षही नको, कारण ती डायक्लोफिनॅक घेते आणि अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण टाकतात, रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसोबत तर जास्तच.

तुम्ही ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात राहत असाल तर आणखी एक गफलत होते. आपल्याकडच्या लॅब साखर `mg/dL` मध्ये देतात, तिकडे `mmol/L` चालतं. तिकडची ७ म्हणजे इकडची १२६. तिकडच्या संकेतस्थळावरची मर्यादा इकडच्या रिपोर्टला लावण्याआधी एकक बघा.

कधी मेसेज लिहायचाच नाही

पोटॅशियम ६ च्या वर, सोडियम १२५ च्या खाली, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, किंवा साखर ७० च्या खाली वा ४०० च्या वर दिसली तर लिहीत बसू नका. आईला फोन करून ती कशी आहे ते विचारा आणि लगेच डॉक्टरांना फोन लावा. यातले काही आकडे नमुन्याच्या हाताळणीमुळेही चुकतात. घरून घेतलेलं रक्त लॅबला उशिरा पोचलं किंवा वाटेत रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं, आणि नळीत पडून राहिलेल्या रक्तातली साखर खोटी उतरते. पण ते खोटं आहे हे डॉक्टरांनी ठरवायचं, तेही त्याच दिवशी. ती बोलताना गोंधळत असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर आकडा काहीही असो, १०८ ला फोन आणि शेजाऱ्यांना हाक.

सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये गाठीबद्दल शंका असेल तर तीही मेसेजने कळवायची नाही. ते प्रत्यक्ष, किंवा निदान कोणीतरी आपलं माणूस तिच्या शेजारी बसलेलं असताना फोनवर.

डॉक्टरांकडून काय विचारून घ्यायचं

आईच्या नेहमीच्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांचे फोटो पाठवा, आणि बोलायला वेळ मागा. प्रश्न थोडे आणि नेमके हवेत: यातलं कशासाठी काही करायचंय, कशाकडे नुसतं लक्ष ठेवायचंय? कुठल्या गोळीत बदल आहे? पुन्हा काय तपासायचं आणि कधी? आणि कोणती लक्षणं दिसली तर तुम्हाला लगेच फोन करायचा?

आपल्या उदाहरणात हिमोग्लोबिनवर थोडं रेंगाळायला हवं. ते १०.४ आहे आणि उतरतंय. या वयात रक्त का कमी होतंय याचं कारण शोधावं लागतं. लोह कमी आहे का, मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्याने बी-१२ उतरलंय का, आतड्यातून थोडं थोडं रक्त जातंय का, हे डॉक्टर बघतील. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते, म्हणून हे दोन आकडे एकत्र दाखवून डॉक्टरांना विचारावं. आईला मात्र यातलं काही लिहायची गरज नाही.

समजा डॉक्टरांनी सांगितलं: साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत तशाच. डायक्लोफिनॅक बंद, गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दिवसातून जास्तीत जास्त तीन. लोह आणि बी-१२ तपासायचं, तोपर्यंत रक्तवाढीची गोळी नको. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा आणि लघवीची अल्ब्युमिन तपासणी. ‘ड’ जीवनसत्त्वाचं भेटीत बघू. (हे आपल्या कल्पित आईपुरतं, तुमच्या घरी हा मजकूर तुमच्या डॉक्टरांचाच असायला हवा.)

आता मेसेज

नेहमी लिहिला जातो तो मेसेज असा असतो:

> आई, रिपोर्ट आले. घाबरू नकोस. शुगर थोडी हाय आहे, हिमोग्लोबिन लो आहे आणि किडनीचं पण थोडं बघावं लागेल. काळजी घे, नीट खा, पेनकिलर जास्त घेऊ नकोस.

‘घाबरू नकोस’ने सुरुवात झाली की वाचणारा तिथेच घाबरतो. ‘थोडी हाय’ म्हणजे भाकरी कमी करायची का, हे लिहिलेलं नाही. ‘नीट खा’ म्हणजे रक्तासाठी गूळ खायचा, असं ती धरून चालेल. ‘जास्त घेऊ नकोस’ म्हणजे रोज एक चालते. आणि ‘किडनीचं बघावं लागेल’ हे वाक्य तर रात्रभर तिच्या उशाशी बसेल. चारही वाक्यं प्रेमाने लिहिलेली आहेत, पण काय करायचं ते एकातही नाही.

त्याऐवजी निष्कर्ष आधी लिहा, मग चांगली बातमी, मग एकेक काम. आकडा द्यायचा तर मागच्या आकड्यासोबत द्या, आणि एका तपासणीचा एकच. काय बदलायचं नाही, हेही तितकंच स्पष्ट लिहा, कारण वयस्कर माणसं न सांगितलेली गोष्ट बदलतात. शब्द घरातलेच वापरा. घरी तुम्ही आईला ‘अगं’ म्हणत असाल तर मेसेजमध्ये एकदम ‘कृपया’ नको, आणि वडिलांना अहो-जाहो करत असाल तर तसंच लिहा. मोठा परिच्छेद एकदम न पाठवता तीन-चार छोटे मेसेज करा, म्हणजे तिला हवा तो पुन्हा सापडतो.

> आई, रिपोर्ट आले. आज डॉक्टरांशी बोलले. आत्ता दवाखान्यात जायची गरज नाही. एक गोळी बंद करायची आहे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं आहे, एवढंच.

> साखर सुधारली आहे. मागच्या वेळी ८.२ होती, आता ७.६. डॉक्टर समाधानी आहेत. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या आहेत तशाच, त्याच वेळेला. भाकरी, भात कमी करू नकोस. गोळी घेतली की जेवायचंच.

> गुडघ्याची गोळी आजपासून बंद. फोटोत लाल गोल केलाय तीच. या गोळीने किडनीवर ताण येतो. रिपोर्टमध्ये किडनीचा आकडा थोडासा हललाय, तो या गोळीने की त्या दिवशी पाणी कमी प्यायल्याने, हे पुन्हा तपासल्यावर कळेल. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल ५०० घे, दिवसभरात तीनपेक्षा जास्त नाही. पाणी नेहमीसारखं पी, मुद्दाम जास्त नको.

> रक्त थोडं कमी आहे, मागच्या वेळेपेक्षा जरा उतरलंय. का ते शोधण्यासाठी त्याच दिवशी आणखी दोन तपासण्या होतील. तोपर्यंत रक्तवाढीची गोळी, खजूर, गूळ काही सुरू करू नकोस. शौचाला काळं झालं, चालताना धाप लागली किंवा चक्कर आली तर वाट न बघता मला फोन कर, रात्री असलं तरी.

किडनीचा उल्लेख टाळलेला नाही, हे लक्षात घ्या. तो लपवला असता तर आई गोळी बंद का करायची हे विसरली असती, आणि पीडीएफ कधी ना कधी कोणीतरी तिला वाचून दाखवणारच. पण तो तिच्या हातातल्या कामाला बांधून आला, म्हणून पेलवतो. ‘ड’ जीवनसत्त्व मेसेजमध्ये नाही, कारण त्याबद्दल आत्ता करायचं काही नाही. तिने ‘सगळं सांग’ म्हटलं असेल तर शेवटी एक ओळ पुरते: ‘ड जीवनसत्त्व थोडं कमी आहे, पुढच्या भेटीत बघणार आहेत, बाकी सगळं ठीक.’

पाठवताना

सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर पाठवा. रात्री आठनंतर नको, कारण तेव्हा दवाखाना बंद असतो आणि शंका घेऊन झोपावं लागतं. फोटोवर गोल काढायची सोय व्हॉट्सॲपमध्ये फोटो पाठवण्याआधी वर दिसणाऱ्या पेन्सिलीत आहे. पाकिटावरचं नाव इंग्रजीत आणि बारीक असतं, तिने ते वाचायची अपेक्षा करू नका. गोळीचा रंगही लिहू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो.

डोळ्यांना त्रास असेल तर हेच मेसेज आवाजात पाठवा, पण लेखीही पाठवा. आवाजातला मेसेज पुन्हा ऐकताना तिसऱ्या मिनिटाला काय सांगितलं होतं ते शोधता येत नाही. एकेक मेसेज अर्ध्या मिनिटाचा, आणि लिखित क्रमानेच. पीडीएफ शेवटी पाठवा, ‘हे डॉक्टरांना दाखवायला ठेव’ म्हणून.

त्याच दिवशी दुपारी फोन करा. ‘कळलं का?’ विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं, त्यात काही अर्थ नसतो. ‘आजपासून कुठली गोळी घ्यायची नाही?’ आणि ‘रात्री जेवायला काय करणार आहेस?’ असं विचारा. ती ‘दूध पिऊन झोपेन, साखर आहे ना’ म्हणाली, तर मेसेज पोचलेला नाही. तिला दोष न देता तेवढंच वाक्य पुन्हा सांगा: गोळी घेतली की जेवायचंच. डायक्लोफिनॅकचं उरलेलं पाकीट कुठे आहे तेही विचारा. ते इतर गोळ्यांच्या डब्यात असेल तर पुढच्या दुखण्याला हात तिकडेच जाईल. म्हणून ते घराबाहेर गेलेलं बरं. दूधवाला, पेपरवाला, शेजारची सून, कोणीही ते टाकून द्यायला नेऊ शकतं.

मग दिनदर्शिकेवर तिच्याच हाताने तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहायला सांगा. सोबत ‘उपाशी, पण पाणी पिऊन’ एवढंही लिहून घ्या, आणि लॅबवाल्या मुलाची वेळ तुम्ही स्वतः ठरवा. दुसरा रिपोर्ट आला की आधी क्रिएटिनिनची ओळ बघा. ते पुन्हा १ वर आलं असेल तर पहिला मेसेज एका ओळीचा पुरे: ‘आई, गोळी बंद केल्यापासून किडनीचा आकडा पहिल्यासारखा झाला, ती बंदच ठेवायची.’ तसंच राहिलं किंवा वाढलं असेल तर पुन्हा आधी डॉक्टरांना फोन, मग आईला.